तीन अंकी गुणाकाराची चौकट पद्धत: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी पाचवी-सहावीच्या मुलांचं गणित घेते. शिकवणीनंतर दाराशी थांबून पालक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: ३४७ × २६८. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरं, कारण वाचताना पटलेलं गणित करताना बऱ्याचदा निसटतं.

चौकट पद्धत म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन्ही संख्या शतक, दशक आणि एककात फोडायच्या. ३४७ म्हणजे ३०० + ४० + ७, आणि २६८ म्हणजे २०० + ६० + ८. मग तीन रांगा आणि तीन स्तंभांची चौकट आखायची. पहिल्या संख्येचे तुकडे वर लिहायचे, दुसरीचे डावीकडे. प्रत्येक घरात वरचा तुकडा गुणिले डावीकडचा तुकडा.

| × | ३०० | ४० | ७ |
|---|---|---|---|
| २०० | ६०००० | ८००० | १४०० |
| ६० | १८००० | २४०० | ४२० |
| ८ | २४०० | ३२० | ५६ |

नऊ घरं भरली की सगळ्यांची बेरीज करायची. एकदम नऊ संख्या मिळवायला गेलं की मुलं अडखळतात, म्हणून मी आधी रांगांची बेरीज करायला सांगते. वरची रांग ६९४००, मधली २०८२०, खालची २७७६. तिन्ही मिळून ९२९९६.

संख्या फोडतानाच मुलगी चुकते. का?

याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. ‘तीनशे सत्तेचाळीस’ म्हणताना आपण शतक आधी म्हणतो, मग एककातले सात, आणि शेवटी चाळीस. लिहिताना मात्र चार आधी, सात नंतर. ऐकून फोडणारी मुलगी ३०० + ७० + ४ लिहून मोकळी होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, त्यावर केवढा वाद झाला तो अनेकांना आठवत असेल. त्या वादाच्या मुळाशी होती ती अडचण हीच.

उपाय साधा आहे. संख्या तोंडी सांगू नका, लिहून द्या. तिनं अंकावर बोट ठेवून त्याची स्थानिक किंमत म्हणायची: तीन शतक, चार दशक, सात एकक. हे नीट झालं की पुढचं बरंचसं सोपं जातं.

नऊच घरं का? शतकाला शतकानं, दशकाला दशकानं, एककाला एककानं गुणलं की तीन घरांत काम होईल ना?

हा प्रश्न मुलं उघड विचारत नाहीत, पण वहीत करून ठेवतात. बेरजेत तसंच करायची सवय असते ना! ३०० × २०० = ६००००, ४० × ६० = २४००, ७ × ८ = ५६, एकूण ६२४५६. खऱ्या उत्तराला ३०५४० कमी पडले.

का कमी पडले ते बघायला एक मोठं पटांगण डोळ्यांसमोर आणा. लांबी ३४७ फूट, रुंदी २६८ फूट. लांबीवर ३०० फुटांपाशी एक खूण, तिथून पुढे ४० फुटांवर दुसरी. रुंदीवर २०० आणि मग ६० फुटांवर तशाच खुणा. खुणांवरून आडव्या-उभ्या रेषा मारल्या की पटांगणाचे नऊ तुकडे पडतात. आपण फरशी घातली ती कोपऱ्यातल्या एका मोठ्या तुकड्याला, मधल्याला आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्याला. उरलेले सहा तुकडे उघडेच राहिले. त्यांचं क्षेत्रफळ ८००० + १४०० + १८००० + ४२० + २४०० + ३२०, म्हणजे बरोबर ३०५४० चौरस फूट.

बेरजेत शतकाचा दशकाशी संबंध येत नाही. गुणाकारात मात्र पहिल्या संख्येच्या प्रत्येक तुकड्याला दुसऱ्या संख्येच्या प्रत्येक तुकड्यानं गुणावं लागतं. पाठ्यपुस्तकात यालाच वितरणाचा नियम म्हणतात. तीन तुकडे गुणिले तीन तुकडे, म्हणून नऊ घरं.

वहीतली चौकट मापानुसार नसते, एवढं मुलांना एकदा सांगून ठेवा. खरं प्रमाण ठेवलं तर ७ × ८ चं घर पेन्सिलीच्या टोकाखालीच लपेल.

आम्ही उभी मांडणी शिकलो. त्यात नऊ गुणाकार कुठे होते?

होते, तेच नऊ होते. आपली मांडणी अशी:

```
      ३४७
   ×  २६८
   ------
     २७७६
    २०८२०
    ६९४००
   ------
    ९२९९६
```

आता वरच्या चौकटीतल्या रांगांच्या बेरजा पुन्हा बघा: २७७६, २०८२०, ६९४००. उभ्या मांडणीतल्या तीन ओळी म्हणजे चौकटीच्या तीन रांगाच, फक्त खालून वर. आठनं गुणताना आपण सात, चार आणि तीन अशा तिघांना आठनं गुणतो. साठची आणि दोनशेची गोष्टही तीच. तीन ओळी, ओळीत तीन गुणाकार, एकूण नऊ.

मग वेगळं काय? बेरीज कधी करायची, एवढंच. चौकटीत आधी नऊही गुणाकार उतरवायचे आणि बेरीज शेवटी. उभ्या मांडणीत गुणता गुणताच ओळीतली बेरीज उरकायची. ती उरकण्याच्या युक्तीचं नाव हातचा.

हातचा चौकटीत कुठे जातो?

आठची ओळ सावकाश करून बघू. आठ सत्ते छप्पन्न. सहा लिहिले, हातचे पाच. आठ चोक बत्तीस, त्यात पाच मिळवून सदतीस. सात लिहिले, हातचे तीन. आठ त्रिक चोवीस, तीन मिळवून सत्तावीस. ओळ झाली २७७६.

चौकटीच्या खालच्या रांगेत आहेत २४००, ३२० आणि ५६. ‘हातचे पाच’ म्हणजे छप्पन्नातले पन्नास. ते ३२० ला मिळाले की ३७० होतात. यातले सात दशक जागेवर राहतात आणि तीनशे पुढे जातात. म्हणजे ‘हातचे तीन’ हे खरं तर तीनशे आहेत. ते २४०० ला मिळाले की २७०० होतात. २७००, ७० आणि ६ मिळून २७७६.

थोडक्यात, हातचा ही २४०० + ३२० + ५६ याच बेरजेची टप्प्याटप्प्यानं केलेली आवृत्ती आहे. लहानपणी मला हातचा हा काहीसा गूढ प्रकार वाटायचा. बाई म्हणायच्या म्हणून बोट दुमडून ठेवायचं. बोटात पन्नास आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

उभी मांडणी उजवीकडून, म्हणजे एककापासून सुरू करावी लागते, तीही यामुळेच. हातचा नेहमी डावीकडे सरकतो. डावीकडचा अंक आधी लिहून बसलात तर हातचा आल्यावर खोडावं लागतं. चौकटीला हे बंधन नाही. मुलाला सोपं वाटेल त्या घरापासून त्यानं सुरुवात करावी.

दुसऱ्या ओळीत शून्य किंवा फुली आणि तिसरीत दोन शून्यं का मांडतात?

कारण दुसऱ्या ओळीत आपण सहानं गुणत नाही, साठनं गुणतो. तोंडानं ‘सहा सत्ते बेचाळीस’ म्हणतो, पण काम चाललेलं असतं ६० × ७ = ४२० चं. सहानं गुणून आले २०८२. त्यातला प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकला की झाले २०८२०. तिसऱ्या ओळीत दोन हे दोनशे आहेत, म्हणून ६९४ चे ६९४००.

काही शाळांत शून्य लिहितात, काही फुली मारतात, काही जण जागा नुसती मोकळी सोडतात. मोकळी जागा मला पसंत नाही, कारण ओळ घसरली तरी ते कळत नाही. चौकटीत ही शून्यं कधी लपतच नाहीत. फुलीचं कोडं सुटत नसलेल्या मुलाला दोन-तीन गणितं चौकटीनं करू द्यावीत.

मधेच शून्य असलेली संख्या आली तर?

४०५ × ३०७ घ्या. चौकटीत दशकाचा स्तंभ आणि दशकाची रांग, दोन्ही शून्यांनी भरतात. नऊपैकी पाच घरं शून्य. उरतात १२००००, १५००, २८०० आणि ३५. उत्तर १२४३३५. ती शून्यांची घरं आखायचीच नाहीत असं ठरवलं तरी चालतं. तीनशे आणि सात अशा दोनच रांगा पुरतात.

उभ्या मांडणीत मात्र इथे हमखास घसरगुंडी होते. सातची ओळ २८३५. पुढचा अंक शून्य, म्हणून मूल ती ओळ गाळतं, आणि मग तीनची ओळ ‘दुसरी ओळ’ समजून एकच शून्य मांडून लिहितं: १२१५०. बेरीज १४९८५. चारशे आणि तीनशेचा गुणाकारच एक लाख वीस हजार असताना उत्तर पंधरा हजारांच्या आसपास येणं शक्य नाही. पण अंदाज न बांधता पुढे जाणाऱ्याला ते खटकत नाही. ओळ गाळायला हरकत नाही. तिची जागा मात्र गाळायची नाही.

चौकट पद्धतीत मुलं सर्वांत जास्त कुठे चुकतात?

शून्यं मोजण्यात. पाढा बरोबर म्हणतात आणि ४० × ६० बरोबर २४० लिहितात.

उलट प्रकारचा गोंधळही होतो. ४० × ५० = २००० लिहिलेलं मूल मागे वळून बघतं. चाळीसचं एक शून्य, पन्नासचं एक, मग इथे तीन कशी? म्हणून एक खोडून टाकतं. तिसरं शून्य चार पंचे वीसमधलं असतं. म्हणून मी सांगते, आधी पाढ्याचं उत्तर पूर्ण लिहा, वीस तर वीस, आणि मग त्याच्यापुढे दोन्ही संख्यांची शून्यं मांडा. उत्तरात एकूण शून्यं किती दिसतात ते मोजत बसू नका.

दुसरी चूक शेवटच्या बेरजेत होते. ६००००, ३२० आणि ५६ एकाखाली एक मांडताना डावी कड जुळवली की सगळं वाया. चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक लिहिला की हे टळतं.

आलेलं उत्तर बरोबर आहे हे कसं पडताळायचं? नऊची कसोटी चालेल का?

चालेल, पण तिचा एक मोठा दोष माहीत असू द्या.

नऊची कसोटी अशी. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २६८ ची १६, मग ७. पाच गुणिले सात पस्तीस, म्हणजे ८. उत्तर ९२९९६ च्या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ८. जुळलं.

आता समजा मुलानं मधल्या घरात २४०० ऐवजी २४० लिहिले. उत्तर येईल ९०८३६. अंकांची बेरीज २६, म्हणजे ८. तरीही जुळलं! शून्य कमी-जास्त झाल्यानं अंकांची बेरीज बदलत नाही. २४०० आणि २४० मधला फरक २१६०, म्हणजे २४० ची बरोबर नऊपट. तेव्हा चौकट पद्धतीत जी चूक सर्वाधिक होते, नेमकी तीच नऊच्या कसोटीला दिसत नाही. अंदाजानंही ती सापडेलच असं नाही. ३५० × २७० = ९४५००, आणि ९०८३६ त्यापासून फार लांब वाटत नाही.

अकराची कसोटी ही चूक पकडते. एककापासून डावीकडे जाताना अंक आळीपाळीनं मिळवायचे आणि वजा करायचे. ३४७ साठी ७ − ४ + ३ = ६. २६८ साठी ८ − ६ + २ = ४. सहा चोक चोवीस, त्यातून अकराच्या पटीतले बावीस काढले की २ उरले. ९२९९६ साठी ६ − ९ + ९ − २ + ९ = १३, अकरा काढले की २. जुळलं. चुकलेल्या ९०८३६ साठी मात्र ६ − ३ + ८ − ० + ९ = २०, अकरा काढले की ९. चोर सापडला. चूक कुठे आहे ते कसोटी सांगत नाही, चूक आहे एवढंच सांगते.

चूक शोधायची तर रांगेची बेरीज उभ्या मांडणीतल्या ओळीशी ताडून बघा. चुकलेल्या चौकटीत मधली रांग १८६६० येते, आणि ३४७ × ६० करून बघितलं तर २०८२०. चुकीचं घर त्याच रांगेत आहे.

रांगांऐवजी स्तंभांची बेरीज करूनही बघता येते: ८०४००, १०७२० आणि १८७६, एकूण तेच ९२९९६. हे तीन आकडे म्हणजे २६८ × ३४७ च्या उभ्या मांडणीतल्या तीन ओळी. त्यानं बेरीज पडताळली जाते. घरातली संख्याच चुकली असेल तर रांगा आणि स्तंभ दोघं मिळून तेच चुकीचं उत्तर देतात.

तिरकी बेरीज करतात ती काय भानगड आहे?

चौकटीत उजवीकडच्या वरच्या घरापासून डावीकडच्या खालच्या घरापर्यंत तिरकं बघा: १४००, २४००, २४००. तिन्ही शतकं आहेत, चौदा, चोवीस आणि चोवीस शतकं. त्याच्या वरच्या तिरक्या ओळीत ८००० आणि १८०००, दोन्ही हजार. खालच्या ओळीत ४२० आणि ३२०, दोन्ही दशकं. एका तिरक्या ओळीत नेहमी एकाच स्थानाच्या संख्या येतात.

म्हणून शून्यं न लिहिता अशी बेरीज करता येते: एकक ५६, दशक ७४, शतक ६२, हजार २६, दशहजार ६. मग उजवीकडून हातचे सरकवायचे. ५६ चे सहा, हातचे पाच. ७४ आणि पाच ७९, नऊ लिहून हातचे सात. ६२ आणि सात ६९, नऊ लिहून हातचे सहा. २६ आणि सहा ३२, दोन लिहून हातचे तीन. सहा आणि तीन नऊ. ९२९९६.

वैदिक गणिताच्या वर्गांत ‘ऊर्ध्वतिर्यक्’ म्हणून शिकवतात ते हेच आहे. चौकट न आखता, मनात. करायला वेगवान, पण ते का जमतं हे समजायला आधी चौकट बघितलेली बरी.

चौकट ही परदेशातून आलेली नवी टूम आहे का?

संख्या फोडून गुणण्याचा विचार आपल्याकडे चांगला मुरलेला आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सन ११५०) १३५ ला १२ नं गुणायचं उदाहरण आहे. त्यात बाराचे आठ आणि चार असे तुकडे करून दोन्हींनी वेगवेगळं गुणून बेरीज करायचा मार्गही सांगितला आहे, आणि बारातल्या एक आणि दोन या अंकांनी वेगळं गुणून आपापल्या स्थानी मांडायचाही. दोन्हींचं उत्तर १६२०. आखलेली चौकट तिथे नाही, पण फोडा, गुणा, मिळवा हा क्रम तोच.

मग मुलानं कायम चौकटच वापरावी का?

माझं मत, नाही. तीन अंकी गुणाकारापर्यंत चौकट आटोक्यात असते. चार अंकी गुणिले चार अंकी म्हणजे सोळा घरं आणि शून्यांची जत्रा. उभ्या मांडणीत त्याच्या चारच ओळी होतात. शिवाय परीक्षेत ‘उभी मांडणी करून सोडवा’ असं विचारलं असेल तर चौकट काढून बरोबर उत्तर आणलं तरी गुण कापले जाऊ शकतात.

मी दोन-तीन आठवडे दोन्ही शेजारी शेजारी करून घेते. डाव्या पानावर चौकट, उजव्या पानावर उभी मांडणी, आणि रांगेची बेरीज ज्या ओळीशी जुळते तिथपर्यंत बाण. बाण न काढताही कुठली ओळ कुठली रांग आहे हे मूल सांगू लागलं की डावं पान बंद.

पुढच्या वर्गात चौकटीचा काही उपयोग होतो का?

बीजगणितात होतो. ३४७ मध्ये दहाच्या जागी x घातला की ३x² + ४x + ७ मिळतं, आणि २६८ चं होतं २x² + ६x + ८. या दोन बहुपदींचा गुणाकार त्याच नऊ घरांत करा. तिरक्या बेरजा येतील ६x⁴ + २६x³ + ६२x² + ७४x + ५६. सहा, सव्वीस, बासष्ट, चौऱ्याहत्तर, छप्पन्न: वर तिरकं मिळवून आले होते तेच आकडे. फरक एवढाच की इथे हातचा सरकवता येत नाही. दहा एकक मिळून एक दशक होतो, पण दहा x मिळून x² होईलच असं नाही. x च्या जागी परत १० ठेवलात तर हातचे सरकतात आणि ९२९९६ परत येतात.